नागरी संस्कृती, विश्वास आणि सहभाग : आल्मंड व व्हर्बा यांच्या पाच राष्ट्रांच्या अभ्यासाची चिकित्सा

प्रस्तावना

राज्यशास्त्राच्या पदवी व पदव्युत्तर वर्गांत 'राजकीय संस्कृती' हे प्रकरण शिकविताना गॅब्रिएल आल्मंड आणि सिडनी व्हर्बा यांच्या 'द सिव्हिक कल्चर' (१९६३) या ग्रंथाचा उल्लेख अटळ असतो. संकुचित, अधीन आणि सहभागी हे राजकीय संस्कृतीचे तीन प्रकार व त्यांच्या संतुलित मिश्रणातून साकारणारी नागरी संस्कृती, एवढा भाग आपण विद्यार्थ्यांना सांगतो. परंतु हे वर्गीकरण ज्या आकडेवारीवर उभे आहे, ती आकडेवारी क्वचितच वर्गात येते. परिणामी काही राष्ट्रे स्वभावतःच विश्वासशील व सहभागी असतात, तर काही स्वभावतःच संशयी व उदासीन असतात, असा समज विद्यार्थ्यांच्या मनात रुजतो.

प्रस्तुत लेखात या समजाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. लेखाचे प्रतिपादन असे की, या अभ्यासात ज्याला राष्ट्राचा सांस्कृतिक गुणधर्म मानले गेले, तो विश्वास बऱ्याच अंशी नागरिकांना शासनसंस्थांकडून आलेल्या अनुभवाची नोंद आहे. आणि ज्याला सहभाग म्हटले गेले, त्या कृतीचा अर्थ प्रत्येक देशातील कायदा व पक्षव्यवस्था यांनुसार बदलतो. यासाठी प्रामुख्याने इटलीचे उदाहरण घेतले असून जर्मनी व अमेरिका यांचा विचार त्याच्या जोडीने केला आहे.

अभ्यासाची रचना व प्रमुख निष्कर्ष

हा अभ्यास अमेरिका, ब्रिटन, पश्चिम जर्मनी, इटली आणि मेक्सिको या पाच देशांपुरता होता. १९५९-६० च्या सुमारास प्रत्येक देशात सुमारे १,००० व्यक्तींच्या मुलाखती घेण्यात आल्या. मेक्सिकोतील नमुना मात्र १०,००० हून अधिक लोकवस्तीच्या शहरांपुरताच मर्यादित होता. म्हणजे ग्रामीण मेक्सिको या अभ्यासात आलाच नाही. एकाच प्रश्नावलीचे त्या त्या भाषेत भाषांतर करून राष्ट्रांची परस्पर तुलना करण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न होता. त्याचे हे ऐतिहासिक महत्त्व मान्य करूनच पुढील चर्चा केली आहे.

विश्वास मोजण्यासाठी उत्तरदात्यांना विचारण्यात आले की, बहुतेक लोकांवर विश्वास ठेवता येतो असे त्यांना वाटते, की लोकांशी व्यवहार करताना कितीही सावध राहिले तरी कमीच असे वाटते. बहुतेक लोकांवर विश्वास ठेवता येतो, असे म्हणणाऱ्यांचे प्रमाण अमेरिकेत ५५ टक्के, ब्रिटनमध्ये ४९, मेक्सिकोत ३०, जर्मनीत १९ आणि इटलीत अवघे ७ टक्के होते. दुसऱ्या एका प्रश्नात, आपल्या देशातील कोणत्या गोष्टींचा अभिमान वाटतो हे विचारले होते. त्यावर शासन व राजकीय संस्था असे उत्तर देणारे अमेरिकेत ८५ टक्के, ब्रिटनमध्ये ४६, मेक्सिकोत ३०, जर्मनीत ७ आणि इटलीत ३ टक्के होते.

या आकड्यांवरून लेखकांनी ब्रिटन व अमेरिका हे नागरी संस्कृतीच्या सर्वांत जवळ जाणारे देश ठरविले. जर्मन नागरिक माहीतगार व कार्यक्षम, परंतु राजकीय व्यवस्थेपासून भावनिकदृष्ट्या अलिप्त. आणि इटालियन नागरिक मात्र अविश्वासी, एकाकी व परात्म, असे चित्र त्यांनी रंगविले. तळाशी असलेल्या इटलीच्या या चित्राकडे आता वळू.

अविश्वास की सावध मौन?

त्याच प्रश्नावलीत, मागील निवडणुकीत आपण कोणाला मत दिले, असाही प्रश्न होता. अमेरिका व ब्रिटन येथे उत्तर नाकारणारे जेमतेम २ टक्के होते. जर्मनीत हे प्रमाण १६ टक्के, तर इटलीत ३२ टक्के होते. लेखकांनी या नकाराकडे राजकीय संवादाच्या अभावाचे व परस्पर संशयाचे लक्षण म्हणून पाहिले. वरकरणी हे पटण्यासारखे आहे. तथापि त्या काळातील इटलीची राजकीय स्थिती लक्षात घेतल्यास याच आकड्याचे दुसरे वाचन संभवते.

१९५८ च्या निवडणुकीत इटालियन कम्युनिस्ट पक्षाला २२.७ टक्के व समाजवादी पक्षाला १४.२ टक्के मते मिळाली होती. म्हणजे तीनपैकी एकाहून अधिक मतदार या दोन डाव्या पक्षांचे होते. शीतयुद्ध ऐन भरात होते आणि कम्युनिस्ट पक्ष १९४७ पासून राष्ट्रीय सत्तेबाहेर होता. कॅथलिक चर्चने १९४९ मध्ये कम्युनिझमच्या पुरस्कर्त्यांविरुद्ध बहिष्काराचा आदेश काढला होता. अशा वेळी एक अनोळखी मुलाखतकार घरी येऊन मत कोणाला दिले हे विचारतो, तेव्हा कम्युनिस्ट मतदाराने उत्तर टाळणे हा त्याच्या स्वभावातील दोष म्हणता येत नाही. ते परिस्थितीचे अचूक आकलनही असू शकते. जाकोमो सानी यांनी 'द सिव्हिक कल्चर रिव्हिजिटेड' (१९८०) या पुनर्विचारात्मक ग्रंथात इटलीच्या या चित्राची जी फेरतपासणी केली, तीत डाव्या मतदारांचे सर्वेक्षणातील अत्यल्प प्रतिबिंब हा महत्त्वाचा मुद्दा होता.

येथे एक पद्धतिशास्त्रीय पेच उभा राहतो. विश्वास मोजणाऱ्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर मिळण्यासाठी प्रश्नकर्त्यावर आधी विश्वास असावा लागतो. जेथे तो कमी असतो, तेथे सर्वेक्षण समाजातील परस्पर विश्वास मोजते की सर्वेक्षणाविषयीची भीती, हे सांगता येत नाही. अशी शंका तपासण्याचा एक साधा मार्ग उपलब्ध असतो. उत्तरदात्यांनी सांगितलेले मतदान आणि प्रत्यक्ष निवडणुकीचा निकाल हे शेजारी ठेवून पाहावेत. दोहोंत एखाद्या पक्षाबाबत मोठी तफावत आढळली, तर त्या समर्थकांचे मौन इतर उत्तरांतही शिरले असण्याची शक्यता गृहीत धरावी लागते.

याच प्रश्नाची दुसरी अडचण 'बहुतेक लोक' या शब्दांत दडलेली आहे. मराठीत हा प्रश्न विचारला तर 'लोक' म्हणजे कोण, असे उत्तरदाता मनाशी म्हणेल. 'आपली माणसे' आणि 'लोक' हा भेद आपल्या बोलण्यात पक्का आहे. आणि 'लोक काय म्हणतील' या वाक्यातील लोक तर बहुधा भावकीतले, गल्लीतले वा गावातलेच असतात. जॅन डेल्हे, केनेथ न्यूटन व ख्रिश्चन वेल्झेल यांनी २०११ मध्ये नेमका हाच मुद्दा जागतिक मूल्य सर्वेक्षणाच्या आधारे सुमारे ५० देशांसाठी तपासला. ओळखीच्या माणसांवरील विश्वास आणि अनोळखी, परधर्मीय वा परदेशी माणसांवरील विश्वास यांची उत्तरे त्यांनी 'बहुतेक लोकां'विषयीच्या उत्तराशी ताडून पाहिली. तेव्हा असे दिसले की, स्वीडनसारख्या देशात 'बहुतेक लोक' या शब्दांचे वर्तुळ विस्तृत असते, तर चीनसारख्या देशात ते आप्त व परिचित यांच्याजवळच थांबते. या वर्तुळाचा हिशेब धरल्यावर चीनचे विश्वासाच्या क्रमवारीतील उच्च स्थान टिकत नाही. तात्पर्य, टक्केवारी समान असली तरी तिचा आशय समान असेलच असे नाही.

मतदान : एकच कृती, अनेक अर्थ

अविश्वासी समाज सहभागी नसतो, या गृहीतकाला इटलीतील मतदान सरळ छेद देते. १९५८ च्या संसदीय निवडणुकीत इटलीत ९३ टक्क्यांहून अधिक मतदान झाले. त्याच सुमारास, १९६० च्या अध्यक्षीय निवडणुकीत अमेरिकेत सुमारे ६३ टक्के लोकांनी मतदान केले. परस्परांवर विश्वास असलेल्या देशात तिघांपैकी एक जण घरी राहिला आणि परात्म म्हटल्या गेलेल्या देशात जवळजवळ प्रत्येक जण मतदान केंद्रावर गेला.

या विसंगतीचे एक उत्तर कायद्यात आहे. इटलीच्या राज्यघटनेच्या ४८ व्या अनुच्छेदानुसार मतदान हे नागरी कर्तव्य आहे. सबळ कारणाशिवाय मतदान न करणाऱ्यांची नावे नगरपालिकेच्या फलकावर लावण्याची आणि त्यांच्या वर्तणूक दाखल्यावर पाच वर्षे तसा शेरा मारण्याची तरतूद होती. नोकरीसाठी असा दाखला लागत असल्याने या शेऱ्याचे भय सर्वसामान्यांना होते. ही तरतूद १९९३ मध्ये रद्द झाली. दुसरे उत्तर पक्षसंघटनेत आहे. एका बाजूला कॅथलिक संघटनांचे जाळे व दुसऱ्या बाजूला कम्युनिस्ट पक्षाच्या शाखा आणि कामगार संघटना यांनी मतदार घराघरांतून बाहेर काढला. याउलट अमेरिकेत मतदार म्हणून नोंदणी करण्याचे ओझे बहुतांश ठिकाणी नागरिकावरच होते. शिवाय दक्षिणेतील कृष्णवर्णीयांना १९६५ च्या मतदान हक्क कायद्यापर्यंत साक्षरता चाचण्या व अन्य मार्गांनी मतदानापासून दूर ठेवले जात होते. ८५ टक्क्यांच्या अभिमानाचा आकडा वाचताना ही बाब नजरेआड करता येत नाही.

तेव्हा एकूण मतदानाची टक्केवारी हे नागरी सहभागाचे भरवशाचे मोजमाप नव्हे. मग मोजावे काय, याचे सर्वांत उद्बोधक उत्तर रॉबर्ट पटनम यांनी 'मेकिंग डेमॉक्रसी वर्क' (१९९३) या ग्रंथात इटलीच्याच आधारे दिले. १९७० मध्ये इटलीत प्रादेशिक शासने स्थापन झाली. रचना कागदावर सारखीच असूनही उत्तरेतील एमिलिया-रोमान्यासारख्या प्रदेशांत ती कार्यक्षम ठरली आणि दक्षिणेतील कालाब्रियासारख्या प्रदेशांत अकार्यक्षम. हा फरक समजून घेण्यासाठी पटनम यांनी नागरी समुदायाचा एक निर्देशांक तयार केला. त्यात क्रीडा व सांस्कृतिक मंडळांची संख्या आणि वृत्तपत्रवाचन यांच्या जोडीला मतदानाची दोन वेगवेगळी मोजमापे होती.

त्यांपैकी पहिले मोजमाप सार्वमतातील मतदान. सार्वमतात उमेदवार नसतो, त्यामुळे मताच्या बदल्यात नोकरी, परवाना किंवा निवृत्तिवेतनाचे काम करून देणारा कोणी नसतो. मतदार केवळ प्रश्नावर मत देण्यासाठी येतो. १९७४ च्या घटस्फोटविषयक सार्वमतापासून १९८७ पर्यंतच्या सार्वमतांतील उपस्थिती त्यांनी प्रदेशवार मांडली. दुसरे मोजमाप पसंतीच्या मताचे. तत्कालीन पद्धतीत मतदार पक्षाच्या यादीला मत देत असे आणि इच्छा असल्यास त्या यादीतील काही उमेदवारांची नावे वा क्रमांक मतपत्रिकेवर लिहीत असे. नाव लिहिणे ऐच्छिक होते. दक्षिणेत ते मोठ्या प्रमाणावर लिहिले जाई, कारण त्यातूनच स्थानिक पुढाऱ्याशी असलेले देवघेवीचे नाते पक्के होई. म्हणून पटनम यांनी पसंतीचे मत नागरी सहभागाच्या उलट दिशेचे लक्षण मानले. जेथे पसंतीची मते अधिक, तेथे सार्वमताला उपस्थिती कमी, असा स्पष्ट संबंध त्यांना आढळला.

या विश्लेषणाचे मोल असे की, दोन्ही कृती मतदान केंद्रावरच घडतात आणि सरसकट टक्केवारीत त्या एकच दिसतात. परंतु एकीत नागरिक असतो व दुसरीत आश्रित असतो. मात्र पटनम यांच्या पुढच्या पायरीशी सहमत होणे कठीण आहे. उत्तर-दक्षिण भेदाचे मूळ त्यांनी मध्ययुगात, उत्तरेकडील स्वायत्त नगरराज्ये व दक्षिणेतील नॉर्मन राजसत्ता यांत शोधले. सिडनी टॅरो यांनी १९९६ मध्ये यावर घेतलेला आक्षेप रास्त आहे. १८६१ च्या एकीकरणानंतर दक्षिणेवर उत्तरेतून आलेल्या शासनाने ज्या रीतीने राज्य केले आणि पुढे राष्ट्रीय पक्षांनी तेथे जे आश्रयाचे राजकारण जोपासले, ते या स्पष्टीकरणातून जवळजवळ गळून पडते. आठशे वर्षांपूर्वीचा वारसा दिसतो, परंतु कालपरवाचे शासन दिसत नाही, ही संस्कृतिवादी विवेचनाची नेहमीची उणीव येथेही आहे.

विश्वास : कारण की परिणाम?

आल्मंड व व्हर्बा यांचा तर्क असा की, नागरी संस्कृतीमुळे लोकशाही स्थिर राहते. ब्रायन बॅरी यांनी १९७० मध्येच या तर्काची दिशा उलटी असू शकते, हे दाखवून दिले होते. लोकशाही संस्था दीर्घकाळ नीट चालल्या, तर त्यांचा अनुभव घेतलेल्या नागरिकांत विश्वास व सामर्थ्याची जाणीव निर्माण होणे स्वाभाविक आहे. एकाच वेळी केलेल्या सर्वेक्षणातून या दोन शक्यतांत निवड करता येत नाही. त्यासाठी काळ जावा लागतो आणि तो काळ आता गेलेला आहे.

पश्चिम जर्मनीचा पुरावा या दृष्टीने महत्त्वाचा आहे. १९५९ मध्ये तेथील प्रजासत्ताक अवघे दहा वर्षांचे होते. राजकीय संस्थांचा अभिमान वाटणारे तेव्हा ७ टक्के होते. डेव्हिड कॉनरॅड यांनी १९८० च्या उपरोक्त ग्रंथात दाखविल्यानुसार १९७८ पर्यंत हे प्रमाण ३१ टक्क्यांवर गेले. परस्पर विश्वासाचे प्रमाणही त्या काळात सुमारे दुपटीने वाढले. संस्कृती जर शतकानुशतकांचा साचा असेल, तर तो वीस वर्षांत एवढा बदलू नये. या वीस वर्षांत बदलले ते असे : अर्थव्यवस्था सावरली, १९६९ मध्ये सत्तांतर शांततेने झाले आणि हुकूमशाहीत न वाढलेली पिढी मतदार झाली.

आदर्श मानल्या गेलेल्या अमेरिकेत याच काळात नेमके उलट घडले. वॉशिंग्टनमधील शासन बहुतेक वेळा योग्य तेच करील, असे मानणारे १९६४ मध्ये ७७ टक्के होते. व्हिएतनाम युद्ध व वॉटरगेट प्रकरण यांनंतर १९७४ मध्ये ते ३६ टक्के उरले. लोकांचा स्वभाव दहा वर्षांत पालटला असे म्हणण्यापेक्षा शासनाविषयीचा त्यांचा अनुभव पालटला, असे म्हणणे अधिक सयुक्तिक होय. पुढे २०२० मध्ये हे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास असताना अध्यक्षीय निवडणुकीत सुमारे ६६ टक्के मतदान झाले. शतकाहून अधिक काळातील ते सर्वोच्च होते. कमालीचा अविश्वास आणि कमालीचा सहभाग एकत्र नांदू शकतात, याचा हा दाखला आहे. तिकडे इटलीत मतदान २०२२ मध्ये ६३.९ टक्क्यांपर्यंत उतरले. मतदान न करणाऱ्यावरील शेरा गेला आणि मतदार बाहेर काढणारे जुने पक्ष १९९० च्या दशकात विसर्जित झाले, ही त्यामागील महत्त्वाची कारणे होत.

संस्थात्मक अनुभवाचा धागा खरे तर मूळ अभ्यासातही होता. सरकारी कार्यालयात काम घेऊन गेल्यास आपणांस इतरांप्रमाणेच समान वागणूक मिळेल, अशी अपेक्षा बाळगणारे अमेरिका व ब्रिटनमध्ये प्रत्येकी ८३ टक्के, जर्मनीत ६५, इटलीत ५३ आणि मेक्सिकोत ४२ टक्के होते. ज्याला कार्यालयातील टेबलावर ओळखीशिवाय न्याय मिळत नाही, त्याने अनोळखी माणसाविषयी सावध राहणे हे व्यवहारज्ञान आहे. कारण समोरचा माणूसही ओळखीनेच पुढे जात असणार, हे तो जाणतो. अलीकडे बो रॉथस्टीन व डिटलिंड स्टॉले यांनी नि:पक्ष प्रशासन आणि सामाजिक विश्वास यांचा जो संबंध मांडला, त्याचे बीज या आकड्यांत आहे. मात्र मूळ लेखकांनी त्यांचा उपयोग राष्ट्रांच्या वृत्तीचे वर्णन करण्यासाठी केला. प्रशासनाचे मूल्यमापन करण्यासाठी केला नाही.

येथे आपल्याही प्रतिपादनाची मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. समान वागणुकीची अपेक्षा मेक्सिकोत सर्वांत कमी होती, तरीही परस्पर विश्वास व संस्थांचा अभिमान या दोन्हींत मेक्सिको जर्मनी आणि इटली यांच्या पुढे होता. तेथे १९२९ पासून २००० पर्यंत एकाच पक्षाची राजवट राहिली. १९१० च्या क्रांतीच्या वारशाने दिलेली आशा हे लेखकांचे स्पष्टीकरण काही अंशी पटते. ग्रामीण भाग वगळल्याचा परिणामही त्यात असू शकेल. काहीही असले तरी, दैनंदिन प्रशासनाचा अनुभव हा विश्वासाचा एकमेव स्रोत नाही, हे मेक्सिकोचे उदाहरण स्पष्ट करते. सामूहिक स्मृती व राष्ट्रकथा यांनाही स्थान द्यावे लागते. संस्कृती ही संकल्पना टाकून देता येत नाही ती याच कारणाने. तिला गोठलेला साचा मानणे मात्र टाकून द्यावे लागते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की, 'द सिव्हिक कल्चर'मधील आकडे चुकीचे नव्हते. त्यांचे वाचन घाईचे होते. १९५९ च्या इटलीविषयीचा ७ टक्के हा आकडा इटालियन स्वभावाचे मोजमाप म्हणून शिकविला, तर विद्यार्थी त्या समाजाला दोष देतात. तोच आकडा फलकावर लागणारी नावे, बहिष्काराचा आदेश, सत्तेबाहेर ठेवलेला पक्ष आणि ओळखीवर चालणारी कार्यालये यांच्यासह शिकविला, तर विद्यार्थी राज्यसंस्थेला प्रश्न विचारतात. हा फरक केवळ अध्यापनतंत्राचा नाही. अविश्वासाची जबाबदारी कोणाची, याचा तो निवाडा आहे.

देशोदेशींच्या विश्वासाचा व सहभागाचा तक्ता समोर आल्यास म्हणूनच तीन गोष्टी आधी पाहाव्यात : प्रश्नातील शब्दांचा त्या भाषेत कोणता अर्थ होतो, ती कृती करण्यास वा टाळण्यास त्या देशात काय किंमत मोजावी लागते, आणि तोच आकडा वीस वर्षांपूर्वी व नंतर काय होता. या तिन्हींची उत्तरे मिळाल्यानंतर जो फरक शिल्लक राहील, तोच संस्कृतीच्या खाती जमा करणे उचित होय.